शेवटी लावायची तीट

बसलिंगप्पा सरांनी प्रिलिमच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि गिऱ्हाइकापुढे साड्या टाकाव्यात तसे एकेक पेपर उलगडून टेबलावर टाकत गेले.

"बघा गिरिजाबाई. प्रश्न पाचवा. नुसतं उत्तर बघा."

गिरिजा उभीच होती. सर बस म्हणाले नव्हते. गणित विभागाचे प्रमुख तेच आणि नव्या पॅटर्नची अकरावी-बारावी कॉलेजला जोडली गेली तेव्हापासून तिचा कारभारही त्यांच्याचकडे. गिरिजा रजेवर गेलेल्या मास्तरांच्या जागी वर्षापुरती घेतलेली. जूनमध्ये जागा कायम होणार होती, आणि कुणाच्या शब्दावर होणार हे विचारायला नको होतं.

तिने पहिला पेपर बघितला. उत्तर रूट तीन. दुसरा बघितला, रूट तीन. तिसऱ्यात पोराने पुढे आकडेमोड करून एक पूर्णांक त्र्याहत्तर शतांश सेकंद असंही लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

गणित साधं होतं. पंधरा मीटर उंच गच्चीवरून एक चेंडू सेकंदाला दहा मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर कधी पडेल? गुरुत्वाचं त्वरण दहा धरा आणि इंटिग्रेशनने सोडवा.

"उत्तर किती?" सरांनी विचारलं, जणू तीच विद्यार्थिनी.

"तीन सेकंद."

"तीन. आणि बाहेर शिकवणी लावलेली दोन पोरं सोडली तर तुमच्या अख्ख्या वर्गाचं उत्तर रूट तीन. एकजात. अहो, चेंडू वर फेकलाय असं मी स्वच्छ लिहिलंय. ते वाक्य एकाच्याही कामी आलेलं नाही. ह्यांचा चेंडू वर जातच नाही. हातातून सुटला तो थेट खाली." सरांनी चष्मा काढून पुसला. "चूक होते, मान्य. पण मठ्ठ पोरगं आणि पहिला नंबर काढणारी पोरगी एकाच ओळीत, एकाच जागी चुकतात? आता ह्याला तुम्ही काय म्हणाल?"

गिरिजाने एक पेपर उचलून मधल्या ओळी बघितल्या. त्वरण उणे दहा. खालची ओळ, वेग उणे दहा टी, टी म्हणजे वेळ. त्याच्या खालची, अंतर उणे पाच टी-वर्ग. आणि त्या ओळीच्या शेवटी, तिथेच पहिल्यांदा, अधिक सी.

तिच्या कानांत गरम झालं. मग गालांत. सी थेट शेवटी लिहिला होता. सगळ्यांनीच शेवटी लिहिला असणार.

"सुपरवायझरनी लेखी दिलंय," सर म्हणाले. "वॉर्निंग बेल झाली आणि सगळ्या वर्गाने एकदम पानं मागं उलटली. एकदम, कवायतीसारखी. बेल होताच पहिल्या बाकावरच्या मुलीने मागं वळून गालाला बोट लावलं. हे असं." सरांनी आपल्या गोऱ्या, दाढी केलेल्या गालावर तर्जनी टेकवली. "खूण. विजयमाला. वैरागची."

"सर, ती हुशार आहे."

"म्हणूनच तिचं बघून लिहितात ना. ढ पोरीचं कोण बघून लिहील? तिच्या वडलांना बोलावलंय उद्या अकरा वाजता. तिचा बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म मी पुढे पाठवत नाही. आणीबाणीचे दिवस आहेत, बघताय, भिंतीभिंतीवर शिस्तीच्या पाट्या. एकीला धडा बसला की बाकीचे सरळ. तुम्हीही या उद्या, तुमचा वर्ग आहे."

"हो सर," गिरिजा म्हणाली.

एवढंच म्हणाली. मग पर्स उचलली आणि जिना उतरून खाली आली. फाटकापाशी तिच्या लक्षात आलं, हातातला खडूही तिने तसाच आणला होता.

*

काय झालं होतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. उमा तेव्हा पाच महिन्यांची. गिरिजा वर्गात उभी राहायची, पण तिचा एक कान घरी असायचा. गल्लीतल्या मागांची खटखट चालू असताना सासूबाईंना पोरीचं रडणं ऐकू जाईल का, वरचं दूध उकळलं असेल का, पाळण्याची दोरी कुणी तपासली का. त्या दिवशी सकाळपासून उमाचं अंग कोमट लागत होतं. तरी ती आली, कारण इंटिग्रेशनचा पहिला तास होता आणि रजा मागायला जीभ रेटत नव्हती.

सुरुवात तिने चांगली केली होती. फळ्यावर तीन फंक्शनं लिहिली, एक्स-वर्ग, एक्स-वर्ग अधिक तीन, एक्स-वर्ग उणे सात. तिन्हीचा डेरिव्हेटिव्ह काढायला लावला. तिन्हीचा आला दोन एक्स.

"मग आता मी तुम्हाला नुसतं दोन एक्स दिलं," तिने विचारलं, "तर मी कुठून निघाले होते ते सांगता येईल?"

कुणीतरी म्हणालं, नाही. आणि ती पुढचं बोलणार, तोच शिपाई धोंडप्पा दारात. "मॅडम, घरनं निरोप आलाय. पोरीला ताप लई चढलाय म्हने."

अजून पाऊण तास उरला होता. तिने फळ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. ह्या पाऊण तासात जे सांगायचं होतं ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं.

"हे बघा, उत्तर आलं की त्याच्यापुढे अधिक सी लिहायचा. सी म्हणजे तीट. बाळाला न्हाऊ घालायचं, पावडर, काजळ, झबलं, सगळं आवरून झालं की शेवटी गालाला काळी तीट. नाही लावली तर दृष्ट लागते, म्हणजे अर्धा मार्क जातो. ज्या इंटिग्रलच्या डोक्या-पायाशी लिमिट्स असतील त्याला तीट नको. बाकी सगळ्यांना हवी. परीक्षेत वॉर्निंग बेल झाली की मागची पानं उलटायची आणि राहिली असेल तिथे लावून टाकायची."

वर्ग खळखळून हसला. पहिल्या बाकावरची विजयमाला हसत म्हणाली, "मॅडम, लई झ्याक सांगितलं." आणि गिरिजा रिक्षासाठी धावली.

उमाचा ताप तीन दिवसांत उतरला. पण तो पाऊण तास काही गिरिजाने परत घेतला नाही. पोर्शन पुढे होता, आणि तीट जमून गेली होती. सहामाहीत एकाचाही सी सुटला नाही. बसलिंगप्पा सरच स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गिरिजाबाईंचा वर्ग बघा. सी म्हणजे सी." ती लाजली होती आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंही होतं.

वर्गात ती खूण पडली होती. तासाची असो की परीक्षेची, बेल झाली की विजयमाला गालाला बोट लावायची, मागच्यांना आठवण म्हणून. गिरिजाने दहादा बघितलं होतं. तिला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही.

सी शेवटी लावायचा. इंटिग्रेशन एकदाच करायचं असेल तर चालून जातं, उत्तर बरोबर येतं. पण चेंडूच्या गणितात ते दोनदा करायचं होतं. त्वरणापासून वेग, वेगापासून अंतर. पहिल्या वेळी जो सी यायला हवा होता तोच चेंडूचा सुरुवातीचा वेग, वर फेकताना हाताने दिलेला. तो तिथल्या तिथे नाही लिहिला तर पुढच्या पायरीला टीला चिकटून जायला कुणी उरतच नाही. मग शेवटी कितीही तीट लावा. शेवटचा सी फक्त गच्चीची उंची सांगतो.

पोरांनी कॉपी केली नव्हती. तिने शिकवलं होतं तसं केलं होतं, इमानाने, एकजात.

*

"आज तीट न्हाय लावली व्हय गं पोरीला?" नागम्मा सासूबाईंनी विचारलं. त्या ओट्याशी भाकरी थापत होत्या आणि पाठमोऱ्या असूनही त्यांना सगळं दिसायचं.

उमा पायांवर पालथी पडून वळवळत होती. गिरिजाच्या हातात काजळाची डबी उघडी होती. करंगळी बुडवलेली होती. ती करंगळी तशीच हवेत राहिली होती.

"लावते," ती म्हणाली.

"लावते लावते म्हनून पोरगी झोपायला आली. कॉलेजात काय झालं काय?"

"काही नाही."

"काही न्हाय तर तोंड असं का? कुनी बोललं?"

"मला कोण बोलणार, अत्ती."

"मग तूच कुनाला बोलली असशील," नागम्मा म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

गिरिजाने डबी बंद केली आणि करंगळी पदराला पुसली. आपण कुणाला काही बोललो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. नवरा आला, हातपाय धुऊन बसला, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आज वीज कशी गेली ते सांगत राहिला. ती हो हो म्हणत राहिली. जूनमध्ये कायम झाली की पोरीला सांभाळायला बाई ठेवू, हे तोच म्हणाला होता. तेही आज परत म्हणाला.

ती मनात हिशेब मांडत होती. बोललं तर काय होईल, नाही बोललं तर काय होईल. एका पोरीचा फॉर्म अडेल. पुढच्या वर्षी बसेल. कदाचित सरच नरम होतील. कदाचित पोरगीच सांगेल, तीट कुणी शिकवली ते, मग आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. ह्या शेवटच्या विचारापाशी तिची तिलाच किळस आली. पण आली म्हणून तो विचार गेला नाही.

*

अकराच्या आधीच जोतीराम येऊन बसला होता. वैरागच्या बाजारात तो धान्याचं माप करायचा. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून ठेवलेल्या. ऑफिसात वहाणा काढायची गरज नव्हती. त्या दारातल्या वहाणा बघून गिरिजाला आत जावंसं वाटेना.

विजयमाला भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले. गिरिजा आत आली तशी तिने वर बघितलं आणि तिच्या तोंडावर क्षणभर हायसं वाटल्यासारखं आलं. मॅडम आल्या, आता मॅडम सांगतील.

"तुमच्या मुलीने परीक्षेत खुणा केल्या," बसलिंगप्पा सर जोतीरामला म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "सगळ्या वर्गाने तिचं उत्तर उतरवलं. तेही चुकीचं."

"माझी पोरगी असं न्हाय करायची, सायेब."

"मग विचारा तिला. गालाला बोट कशासाठी लावलं होतंस? विजयमाला?"

विजयमालाने गिरिजाकडे बघितलं.

गिरिजा टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत होती. त्यात एक निळं फूल होतं. आता सांगेल, तिला वाटलं. आता सांगेल, मॅडमनी शिकवलं म्हणून.

"काही नाही सर," विजयमाला म्हणाली.

"काही नाही म्हणजे?"

"असंच लावलं."

गिरिजाला कळलं, पोरगी आपल्याला सांभाळते आहे. आपण पोरीच्या जिभेची वाट बघत होतो, आणि तिने ती दाताखाली धरली.

"मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?" सरांनी विचारलं.

"मुलगी हुशार आहे," गिरिजा म्हणाली. कालचंच वाक्य. तेवढंच बाहेर आलं.

जोतीराम उठला. त्याने सरांना हात जोडले, मग गिरिजालाही जोडले, आणि पोरीकडे न बघता म्हणाला, "चल. मावशीकडनं ट्रंक घे. दुपारच्या यष्टीनं जाऊ. आनि आता पुन्यांदा हितं यायचं न्हाय. उगं लोकांनी बोटं दावायची. शिकली तेवढं बास झालं."

"आबा, फॉर्म..."

"फॉर्म बिर्म काय न्हाय."

विजयमाला दाराकडे वळली. वळताना तिने गिरिजाकडे बघितलं नाही. आता त्या नजरेत काही मागणं उरलं नव्हतं, आणि ते न उरणंच गिरिजाला सोसवेना.

"सर, एक मिनिट," ती म्हणाली. "तिला एक गणित घालू द्या. इथे, तुमच्यासमोर. इथे कुणाचं बघून लिहायला नाही."

सरांच्या भुवया चढल्या. "त्याने काय होणार?"

"घालू द्या सर."

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. जोतीराम दारात थबकला. गिरिजाने बोलत बोलत गणित लिहून दिलं. सरळ रस्त्यावर एक गाडी. मैलाच्या दगडापासून दोन मीटर पुढे आहे आणि त्या क्षणी तिचा वेग सेकंदाला चार मीटर. तिथून पुढे त्वरण सहा टी. दोन सेकंदांनी गाडी दगडापासून किती लांब?

विजयमाला खुर्चीच्या कडेवर बसली. तिला वाटलं, मॅडम आपली परीक्षा घेऊन आपली हुशारी दाखवून देताहेत. ती डोळे पुसून भराभर लिहायला लागली. अक्षर मोत्यासारखं. त्वरण सहा टी. वेग तीन टी-वर्ग. अंतर टी-घन. मग पेन क्षणभर उचललं, आणि गालाकडे जाऊ पाहणारं बोट तिने घाईने खाली घेतलं. अधिक सी. टी शून्य असताना अंतर दोन, म्हणून सी बरोबर दोन. टी दोन घातलं. आठ अधिक दोन. दहा मीटर.

तिने खाली दोन रेघा मारल्या आणि कागद पुढे केला. जोतीरामच्या तोंडावर जरासा अभिमान आला होता. पोरीने न अडखळता सोडवलं एवढं त्यालाही दिसत होतं.

गिरिजाला वाटलं, आपण हातांनी तोंड झाकावं. पोरगी निर्दोष आहे हे दाखवायला तिला तिच्या बापासमोर चुकवावं लागलं होतं. आणि ती चुकणार हे ठाऊक असूनच तिने गणित घातलं होतं.

बसलिंगप्पा सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून अगदी हळू म्हणाले, "पोरी, ह्याचा डेरिव्हेटिव्ह काढ. वेग काढ."

"तीन टी-वर्ग, सर."

"सुरुवातीला, टी शून्य असताना?"

"शून्य." मग तिची नजर वर, गणिताच्या पहिल्या ओळीवर गेली. तिथे चार लिहिलं होतं. "पण चार दिलाय," ती पुटपुटली. "मग गाडी उभी कशी..."

"उभी नव्हतीच. कॉन्स्टंट कधी लिहायचा, कुणी सांगितलं तुला?"

तिने पेनला टोपण लावलं.

"शेवटी लिहायचा, असं कुणी सांगितलं?"

तिच्या गालाचा एक स्नायू तेवढा हलला.

"मी," गिरिजा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मी सांगितलं सर. सगळ्या वर्गाला. सी म्हणजे तीट, सगळं आवरून झालं की शेवटी लावायची. बेल झाली की पानं उलटायची, हेही मीच शिकवलं. गालाचं बोट म्हणजे तीच तीट. ती मागच्यांना आठवण करून देते. रोज देते, मी बघते. कॉपी कुणीच केली नाही. मला हे काल पेपर बघताक्षणीच कळलं होतं."

"कालच?"

"काल. इथेच."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले असते तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"तीट," ते शेवटी म्हणाले. "आणि मी सहामाहीला तुमचं कौतुक केलं." त्यांनी सुपरवायझरचा कागद उचलून उभा फाडला, मग आडवा. "मामा, तुमच्या पोरीचा दोष नाही. फॉर्म जातोय तिचा. माफ करा, तुम्हाला हेलपाटा पडला."

जोतीरामला काय झालं ते पुरतं उमगलं नव्हतं. तो एकदा सरांकडे, एकदा गिरिजाकडे बघत होता. "म्हंजे बाईंनी चुकीचं शिकीवलं, असं व्हय?"

"व्हय," गिरिजा म्हणाली.

काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात आलं असणार. पण त्याने टोपी नीट केली, पुन्हा हात जोडले आणि बाहेर जाऊन वहाणा पायात घातल्या.

गिरिजा निघाली तेव्हा सर पाठीमागून म्हणाले, "उद्याच्या तासाला मी मागच्या बाकावर बसेन." जूनचं ते काही बोलले नाहीत. तिनेही विचारलं नाही.

व्हरांड्यात विजयमाला खांबापाशी उभी होती. बाप खाली नळावर पाणी प्यायला गेला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "ते गाडीचं गणित. मी चुकणार हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मला वाटलं, मी बरोबर सोडवावं म्हणून दिलंत."

खालून जोतीरामची हाक आली आणि पोरगी जिना उतरून गेली.

*

दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पा सर खरंच मागच्या बाकावर बसले, गुडघे बाकात अडकवून. विजयमाला आली होती. पहिला बाक सोडून तिसऱ्यावर, भिंतीकडेला बसली होती.

गिरिजाने फळ्यावर तीच तीन फंक्शनं लिहिली. एक्स-वर्ग, एक्स-वर्ग अधिक तीन, एक्स-वर्ग उणे सात.

"दिवाळीआधी इथे मी तास सोडला होता," ती म्हणाली. "आणि त्याच्या जागी तुम्हाला तीट दिली. ती पुसून टाका. प्रिलिमला तुमचं पाचवं गणित चुकलं ते माझ्यामुळे. कॉपीची भानगड झाली तीही माझ्यामुळेच."

कुणी हसलं नाही. एक मुलगा शेजारच्याला काहीतरी कुजबुजला आणि गप्प झाला. खडू तिच्या बोटांत दमट झाला होता.

"माझ्या मुलीला मी दवाखान्यात वजन करायला नेते. तिथला काटा शून्यावर उभा राहत नाही. रिकाम्या पारड्यालाही काहीतरी दाखवतो. काय दाखवतो ते मला माहीत नसेल, तर काट्यावरच्या आकड्यावरून मुलीचं वजन सांगता येईल?"

"नाही मॅडम."

"पण मागच्या महिन्याचा आकडा आणि ह्या महिन्याचा आकडा, दोन्ही त्याच काट्यावरचे. एकातून दुसरा वजा केला, तर महिन्यात ती किती वाढली ते?"

"ते बरोबर येईल," खिडकीजवळचा मुलगा म्हणाला. "दोन्हीकडं चूक तेवढीच हाय की."

"तेवढीच आहे म्हणून उडून जाते. हे डेफिनेट इंटिग्रल. वरच्या लिमिटची किंमत, त्यातून खालच्या लिमिटची वजा. वर अधिक सी, खाली अधिक सी. सी मधून सी गेला. हवा तर लिहा, हवा तर नका लिहू, उत्तर तेच. म्हणून तिथे तो सोडता येतो. लिमिट्सना तीट नको असते म्हणून नव्हे."

तिने फळ्यावर ते सोडवून दाखवलं. मग बाजूला चेंडूचं गणित घेतलं.

"आणि इथे लिमिट्स नाहीत. इथे मला वाढ नको, वजनच हवंय. मग काटा सुरुवातीला कुठे उभा होता ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही." तिने लिहिलं, वेग बरोबर उणे दहा टी, आणि तिथेच, त्याच ओळीत, अधिक सी-वन. "हा इथेच येतो. जन्मतो तिथेच लिहायचा. टी शून्य असताना वेग दहा, म्हणून हा दहा. हाच तो हात, ज्याने चेंडू वर फेकला. आता पुढच्या पायरीला ह्या दहाचा दहा टी होतो. शेवटी आलेला सी-टू म्हणजे गच्ची, पंधरा. त्या सी-टूला कितीही किंमत दिली तरी त्यातून दहा टी निघत नाही, कारण तो कॉन्स्टंट आहे आणि टी बदलतोय."

टी-वर्ग उणे दोन टी उणे तीन बरोबर शून्य. टी बरोबर तीन. फळ्यावरचा चेंडू प्रथमच वर गेला आणि मग खाली आला.

मागच्या बाकावर सरांनी काही टिपून घेतलं. काय ते तिला दिसलं नाही.

तिने वर्गाला एक गणित घातलं, परत दोनदा इंटिग्रेशनचं, आणि बाकांमधून फिरू लागली. पोरं खाली मान घालून लिहीत होती. दर ओळीला पेनं अडत होती, आधी अडायची नाहीत तशी. ती तिसऱ्या बाकाशी आली. विजयमालाने पहिल्या ओळीतच सी-वन लिहिला होता आणि त्याच्याभोवती चौकोन काढला होता. गिरिजा तिथे उभी राहिली. नेहमी ती तिच्या पाठीवर हात ठेवायची. आज हात उचलला आणि तसाच दुसऱ्या हातातल्या डस्टरवर गेला.

विजयमालाने मान वर केली नाही. ती दुसऱ्या इंटिग्रेशनला लागली होती.

घंटा झाली. नेहमीसारखी पानं उलटायचा आवाज होईल म्हणून गिरिजाचे कान उभे राहिले. एकही पान उलटलं नाही. सवयीने एकदोघांनी विजयमालाकडे बघितलं. तिचे दोन्ही हात वहीवर होते. बसलिंगप्पा सर उठले, गुडघे मोकळे केले आणि दाराशी येऊन थांबले.

"उद्याही येतो," ते म्हणाले.

"या सर," गिरिजा म्हणाली आणि फळा पुसायला वळली. सगळा पुसला. पहिल्या ओळीच्या शेवटचा तो अधिक सी-वन मात्र तिने बराच वेळ तसाच ठेवला. पुढच्या तासाचे मास्तर दारात येऊन खाकरले, तेव्हा कुठे पुसला.